ट्रेनरवर पाय थकतात की अंग तापते?

कोल्हापुरात सायकल चालवणाऱ्यांचे वर्षातले बरेच महिने रस्त्याशी जुळवून घेण्यातच जातात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की पन्हाळा, गगनबावडा आणि राधानगरी या तिन्ही बाजूंना पहाटेच्या अंधारात उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या चालू असतात. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नसतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतो. हंगाम संपतो न संपतो तोच एप्रिल येतो आणि सकाळी नऊनंतर डांबराचा ताव सोसवेनासा होतो. जूनमध्ये पाऊस लागला की खड्डे पाण्याखाली जाऊन दिसेनासे होतात. म्हणून अलीकडे अनेकांनी घरी ट्रेनर घेतला आहे. सायकलचे मागचे चाक रोलरवर टेकवून, किंवा ते चाक काढून सायकल थेट यंत्रावर बसवून, जागच्या जागी पेडल मारण्याची ही सोय आहे.

ट्रेनर घेतलेल्यांची पहिली तक्रार मात्र जवळजवळ एकसारखीच असते. रस्त्यावर चार तास सहज सायकल चालवणारा माणूस घरात पाऊण तासात गळून जातो आणि आपली ताकद कमी झाली, असे समजतो. बहुतेक वेळा ताकद कमी झालेली नसते. अंग तापलेले असते आणि ती उष्णता बाहेर जायला वाट मिळालेली नसते. ट्रेनरवरच्या सरावाची आखणी या एका गोष्टीपासून सुरू केली, तर पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून या लेखात तिच्यावरच भर दिला आहे.

शरीर खाल्लेल्या अन्नातून जी ऊर्जा वापरते, तिच्यातला साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. पेडलवर १७० वॉट इतके काम होत असेल, तर शरीर एकूण सुमारे ७७० वॉट खर्च करत असते. म्हणजे जवळपास ६०० वॉट उष्णता अंगातच तयार होते. बंद खोलीत हीटर लावून त्याच्या शेजारी बसण्यासारखे हे आहे, फरक इतकाच की हा हीटर आपल्याच अंगात असतो.

ही उष्णता बाहेर टाकण्याचे शरीराचे मुख्य साधन म्हणजे घाम. पण घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो त्वचेवरून वाळावा लागतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने ६०० वॉट उष्णता केवळ घामावाटे घालवायची झाली, तर ताशी जवळपास ९०० मिलिलिटर घाम वाळला पाहिजे. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना समोरून तितक्याच वेगाचा वारा मिळत असल्यामुळे हे नकळत घडते. घरात सायकल जागची हलत नाही. अंगाभोवती गरम, ओलसर हवेचा थर साचतो, घाम वाळण्याऐवजी हनुवटीवरून आणि कोपरांवरून टपटपत खाली पडतो, आणि खाली पडलेल्या थेंबाने अंग काहीही थंड होत नाही. ट्रेनरखाली थारोळे साचले की बरेच जण मनापासून खूश होतात. खरे तर ते थारोळे वारा अपुरा असल्याची खूण आहे.

अंगातली उष्णता वाढली की शरीर अधिक रक्त त्वचेकडे वळवते. घामामुळे रक्तातले पाणीही हळूहळू कमी होत असते. त्यामुळे हृदयाला दर ठोक्याला कमी रक्त मिळते आणि पायांना तेवढाच प्राणवायू पोहोचवण्यासाठी ठोके वाढवावे लागतात. पेडलवरचे वॉट तेच राहतात आणि हृदयाची गती मात्र चढत जाते. प्रशिक्षक या चढाला ड्रिफ्ट म्हणतात. घरातल्या सरावात काय बिघडले आहे, हे सांगणारी याहून चांगली खूण नाही, आणि तिच्यासाठी छातीला लावायचा एक साधा हार्ट रेट पट्टा पुरतो.

आता एक उदाहरण नीट पाहू. समजा, राजारामपुरीत राहणारे ४४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांचे वजन ६८ किलो आहे, आणि दर रविवारी पहाटे निघून गगनबावड्याला जाऊन यायचे, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर, असा त्यांचा नेम आहे. रस्त्यावरच्या चाचणीत त्यांची थ्रेशोल्ड पॉवर २०० वॉट आली होती. जवळपास तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर, असा या आकड्याचा ढोबळ अर्थ घेतला तरी चालेल. एप्रिल आल्यावर त्यांनी ट्रेनर आणला, हॉलमध्ये छताच्या पंख्याखाली सायकल लावली आणि रस्त्यावरचाच २०० हा आकडा धरून सराव सुरू केला.

पहिली गफलत इथेच होते. घरात थ्रेशोल्ड बहुतेकांचा थोडा कमी भरतो. उष्णता हे त्याचे एक कारण आहे. दुसरे असे की रस्त्यावर सायकल अंगाखाली किंचित डोलते, चढावर उभे राहून जोर लावता येतो, उतारावर पायांना उसंत मिळते, आणि घरात यातले काहीच नसते. म्हणून घरासाठीची चाचणी घरातच, पंखे लावून करावी. पंधरा-वीस मिनिटे अंग गरम करून झाल्यावर २० मिनिटे जितका जोर एकसारखा टिकेल तितक्या जोराने सायकल चालवावी, आणि त्या २० मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के हा आपला घरातला थ्रेशोल्ड धरावा. आपल्या गृहस्थांची सरासरी २०० वॉट आली, तर त्यांचा घरातला थ्रेशोल्ड १९० ठरतो. दहा वॉटचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात सराव पूर्ण होणार की तिसऱ्या टप्प्यात सोडून द्यावा लागणार, हे बऱ्याचदा त्यावरच ठरते.

ज्यांच्या ट्रेनरवर वॉट दिसत नाहीत, त्यांनी त्याच २० मिनिटांतली हृदयगतीची सरासरी लिहून ठेवावी आणि जोडीला बोलण्याची कसोटी वापरावी. सलग वाक्ये बोलता येत असतील तर जोर हलका आहे, चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर मध्यम आहे, आणि एकेक शब्दच निघत असेल तर थ्रेशोल्ड ओलांडला आहे. या कसोटीत नेमकेपणा कमी असला तरी ती खोटे बोलत नाही.

या गृहस्थांसाठी मंगळवारचा सराव असा आखता येईल. पहिली १५ मिनिटे ८० वॉटपासून हळूहळू १४० पर्यंत चढत जायचे. त्यानंतर १२ मिनिटांचे तीन टप्पे १७० वॉटवर करायचे आणि दोन टप्प्यांच्या मध्ये पाच-पाच मिनिटे ९० वॉटवर हलके पेडल मारायचे. शेवटी दहा मिनिटे पाय मोकळे करायचे. सगळे मिळून ७१ मिनिटे होतात. १७० हा आकडा १९० च्या नव्वद टक्क्यांच्या किंचित खाली येतो. हा जोर कष्टाचा आहे, पण अंगावर येणारा नाही. घाटातला लांब, एकसारखा चढ चढताना पायांवर जसा भार येतो, साधारण तसाच भार इथे येतो, आणि मधल्या पाच मिनिटांत अंगाला थोडे निवायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात एकच ३६ मिनिटांचा टप्पा करण्यापेक्षा त्याचे तीन तुकडे करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, ते या निवण्यासाठीच.

छताच्या पंख्याखाली हाच सराव केला, तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी हृदयगती साधारण १४८, मग १५९, मग १७० अशी चढताना दिसेल, आणि तिसरा टप्पा बहुधा अर्ध्यावर सुटेल. पायांत गोळे आलेले नसतात, मांड्या जळत नसतात, पण डोके तापलेले असते आणि धाप आवरत नाही. दोन-तीन दिवसांनी तेच १७० वॉट ठेवून समोर एक मीटरवर मोठा पेडेस्टल पंखा छातीच्या उंचीला लावला आणि खिडकी उघडी ठेवली, तर तीच गती १४६, १५०, १५४ अशी राहू शकते. माणूस तोच, सायकल तीच आणि वॉटही तेच असतात, फक्त घाम वाळायला लागलेला असतो. छताचा पंखा डोक्यावर आणि पाठीवर वारा टाकतो. सायकलवर वाकून बसल्यावर छाती, पोट आणि मांड्यांच्या पुढच्या भागाला तो वारा जवळजवळ लागतच नाही. म्हणून पंखा समोरूनच हवा, आणि दुसरा असेल तर तो मागच्या बाजूने तिरका लावावा. पंखा अंग गरम करतानाच लावावा, घाम फुटल्यावर नव्हे, कारण एकदा आतली उष्णता चढली की ती उतरायला फार वेळ लागतो.

कूलरबद्दल हमखास विचारले जाते. कूलर पाणी वाळवून हवा थंड करतो, म्हणजेच हवेतला ओलावा वाढवतो. एप्रिलच्या कोरड्या दुपारी खिडक्या सताड उघड्या असतील, तर त्याचा उपयोग होतो. खोली बंद असेल तर अर्ध्या तासात हवा इतकी दमट होते की घाम वाळणे थांबते. पावसाळ्यात कूलर लावूच नये. जुलैतल्या कोल्हापुरात तापमान सुखद वाटत असले, तरी हवा ओलीचिंब असते. त्या दिवसांत वाऱ्याचा जोर आणखी वाढवावा लागतो आणि खोलीतली ओली हवा बाहेर काढणारा एक्झॉस्ट पंखा असेल तर तोही चालू ठेवावा. एसी असलेल्या खोलीतही समोरचा पंखा लागतोच, कारण थंड हवा अंगावरून वाहिली तरच घाम लवकर वाळतो.

वेळेचा विचारही उष्णतेच्याच हिशेबाने करावा. वरच्या मजल्यावर, गच्चीच्या खाली राहणाऱ्यांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतो. संध्याकाळी सातला बाहेर झुळूक असते आणि आत मात्र भट्टी असते. पहाटे साडेपाचला तीच खोली बरीच निवलेली असते. ऑफिस सुटल्यावरच वेळ मिळत असेल तर कष्टाचा सराव तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये करावा, नाहीतर त्या दिवशी हलकाच सराव करावा.

पाण्याचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर करता येतो. सरावाआधी आणि सरावानंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. आपल्या गृहस्थांचे वजन ६८.० वरून ६७.३ किलोवर आले आणि मध्ये ते ६०० मिलिलिटर पाणी प्यायले असतील, तर त्यांचा सुमारे १.३ लिटर घाम गेला. तेवढे सगळे पाणी सरावातच भरून काढायला हवे असे नाही. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे त्यांच्या बाबतीत साधारण १.३ किलोच्या आत राहिली, की पुरे. एवढ्या वेळाच्या सरावाला लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घातलेले सरबत चांगले चालते. उलट तहान नसताना दोन-तीन लिटर नुसते पाणी ढोसणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातले सोडियम पातळ होते.

पंखा आणि पाणी यांची सोय करूनही सराव जमत नसेल, तर खुणा वेगळ्या असतात आणि त्या ओळखायला शिकावे. वॉट स्थिर असताना हृदयगती चढत राहिली आणि पाय मात्र बरे असले, तर अजूनही उष्णतेचाच दोष आहे. पहिल्याच टप्प्यात मांड्या जळू लागल्या आणि हृदयगती चढण्याआधी पाय थांबले, तर बहुधा थ्रेशोल्डचा आकडा जास्त धरला गेला आहे, तो पाच टक्क्यांनी खाली आणावा. पाय जड आहेत आणि हृदयगती नेहमीपेक्षा कमीच राहते आहे, अशी स्थिती असेल तर शरीर आधीच्या दिवसांच्या श्रमातून सावरलेले नाही, आणि त्या दिवशी सराव सोडून देणे हेच योग्य ठरते.

चौथी शक्यता यंत्राची असते. चाक रोलरवर टेकवण्याच्या ट्रेनरमध्ये टायर तापला की त्याचा आणि रोलरचा विरोध बदलतो. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतले वॉट आणि नंतरचे वॉट एकमेकांशी जुळत नाहीत. दर वेळी टायरमध्ये हवेचा दाब तोच ठेवावा, रोलरची चावी तितकीच फिरवावी आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचे वॉटचे माप जुळवून घेणे, दहा मिनिटे सायकल चालवून झाल्यावर करावे. हे केले नाही तर मंगळवारचे १७० आणि गुरुवारचे १७० हे दोन वेगळे भार असतात, आणि मग वरच्या खुणांनाही काही अर्थ राहत नाही. स्मार्ट ट्रेनर ठरवलेले वॉट स्वतः राखतो, त्या ईआरजी मोडमध्ये वेगळीच अडचण येते. पाय मंदावले की तेवढेच वॉट भरून काढण्यासाठी यंत्र विरोध वाढवते, त्यामुळे पाय आणखी मंदावतात आणि शेवटी पेडल चिखलात रुतल्यासारखे थांबते. टप्पा सुरू होण्याच्या पाच-दहा सेकंद आधीच पायांचा वेग मिनिटाला ९० फेऱ्यांच्या आसपास न्यावा. तरीही रुतलेच, तर झगडत न बसता मोड काही क्षण बंद करून पाय मोकळे करावेत आणि मग पुन्हा सुरू करावे. वळवाच्या दिवसांत सरावाच्या मध्येच वीज गेली आणि पंखा थांबला, तर कष्टाचा टप्पा तिथेच सोडावा. आता पाचच मिनिटे राहिलीत म्हणून तो रेटू नये.

अंगावर काटा येणे, भर उकाड्यात थंडी वाजल्यासारखे वाटणे, मळमळ, गरगरणे, डोके ठणकणे किंवा समोरचा आकडा वाचून कळेनासा होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच उतरून सावलीत, वाऱ्यात बसावे आणि मान व काखांना ओला कपडा लावावा. बोलणे असंबद्ध होऊ लागले तर ती उष्माघाताची खूण आहे. अशा वेळी अंग पाण्याने थंड करत करतच रुग्णालय गाठावे. हृदयविकार किंवा रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी चाचणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच करावी, कारण काही औषधांनी हृदयगती दाबली जाते आणि काहींनी अंगातले पाणी कमी होते.

रविवारच्या लांब फेरीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. साडेचार-पाच तासांची गगनबावड्याची फेरी घरात तितक्याच तासांनी भरून काढण्याची गरज नाही. रस्त्यावरच्या त्या वेळेत उतार, वळणे, गावातली गर्दी आणि चहाचा थांबा येतो, आणि पाय बराच वेळ नुसते विसावलेले असतात. ट्रेनरवर पेडल सलग चालते. म्हणून या गृहस्थांनी रविवारी १०० मिनिटे ११५ ते १३० वॉटवर, म्हणजे सलग बोलता येईल इतक्या जोराने सायकल चालवली, तर पायांची आणि हृदयाची बैठक बऱ्यापैकी टिकते. घरात सायकल डोलत नसल्यामुळे सीटवर बसलेल्या अंगाचा भार एकाच जागी येतो, तेव्हा दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारावे. हँडलवर टॉवेल टाकावा, नाहीतर खारट घाम हँडल ज्यावर फिरते त्या हेडसेटमध्ये आणि हँडलच्या टेपखाली झिरपतो. तिथला गंज बाहेरून दिसत नाही, आणि पुढे टेप काढला की धातू खाल्लेला आढळतो.

मंगळवारचा कष्टाचा, गुरुवारचा हलका आणि रविवारचा लांब, असे तीन सराव एप्रिल-मेमध्ये पुरेसे आहेत. दोन आठवडे झाल्यावर त्याच १७० वॉटवर तिसऱ्या टप्प्याची हृदयगती चार-पाच ठोक्यांनी खाली आलेली दिसली, तर आधी टप्पे १५ मिनिटांचे करावेत आणि त्यानंतरच वॉट वाढवावेत.

एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. इतका वेळ बसण्याची सवय, चालत्या सायकलवर खाणे पचवणे, अंधारात खड्डा हेरणे आणि पन्हाळ्याच्या उतारावर ब्रेक किती दाबायचा याचा अंदाज, यांतले काहीही ट्रेनरवर शिकता येत नाही. त्यासाठी महिन्यातून एखाद्या रविवारी, गळीत हंगाम आटोपल्यावर आणि उजाडल्यानंतर निघून, ऊन चढायच्या आत परतता येईल एवढ्या अंतरावर रस्त्यावर जावेच लागते.